दीड तासाची उधारी

लातूरच्या आडत बाजाराचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, पण त्याचा हिशेब आमच्यासारख्या सीएच्या ऑफिसात खऱ्या अर्थानं पोळ्यानंतरच येतो. जुलैअखेर साध्या विवरणपत्रांची गर्दी असते. ऑगस्टमध्ये व्यापारी म्हणतो, "सर, पाऊसपाणी बघू, मग वह्या पाठवतो." आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम 44 एबी खालचा ऑडिट रिपोर्ट भरायची तारीख असते 30 सप्टेंबर. म्हणजे गणपती, महालक्ष्म्या, 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, पितृपंधरवडा आणि सोयाबीनच्या काढणीची सुरुवात, हे सगळं ज्या महिन्यात येतं त्याच महिन्यात ऑफिसातल्या पोरांना "आज जरा थांबता का?" असं विचारावं लागतं.

हे विचारणं मी फार गंभीरपणे घेतो. मी ज्याला थांबायला सांगतो त्याची संध्याकाळ माझ्या मालकीची नसते. शिवाय आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांच्या बाबतीत तर त्यांच्या प्रशिक्षणाच्या कागदांवर शेवटी माझीच सही लागते. ज्याची सही लागते त्याला "नाही" म्हणणं सोपं नसतं, हे मी पोर असताना अनुभवलेलं आहे. म्हणून जादा वेळ मागायचा असेल तर तो कसा मागायचा, किती मागायचा आणि परत कसा द्यायचा, याची आमच्या ऑफिसात एक रीत बसली आहे. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तिची चांगलीच परीक्षा झाली, म्हणून त्याच वर्षाचं सांगतो.

त्या वर्षी काम नेहमीपेक्षा जड होतं, आणि त्याला कारण होतं. कलम 43 बी मध्ये (एच) हे पोटकलम त्याच वर्षाच्या हिशेबापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी धरायचा. वाचायला हे दोन ओळींचं आहे. करायला बसलं की प्रत्येक माल देणाऱ्याचा उद्यम नोंदणीचा कागद मागवा, तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी हे बघा, कारण व्यापाऱ्याला हे कलम लागत नाही, मग बिलाची तारीख आणि चेकची तारीख एकेक करून जुळवा. डाळमिलवाल्याकडे बारदाना देणारा, यंत्राचे सुटे भाग देणारा, पॅकिंगच्या पिशव्या देणारा, अशी तीसचाळीस नावं सहज निघतात. हे काम कुणी घाईत उरकू शकत नाही.

पोळा 2 सप्टेंबरला झाला. दुसऱ्या दिवशी मी हिशेबाला बसलो. माणसांना विचारण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे, कारण "काम लई आहे, थांबावं लागंल" हे कारण म्हणून पुरेसं नाही. किती काम आहे, किती हात आहेत आणि किती कमी पडतंय, हे आकड्यात सांगता आलं नाही तर समोरचा माणूस माझ्या घाबरण्यासाठी थांबतो, कामासाठी नाही.

36 फायली राहिल्या होत्या. एका फायलीला पोरांचे सरासरी 15 तास, म्हणजे 540 तास. हात सहा: दोन पगारी आणि चार आर्टिकल. आर्टिकलचा आठवडा 35 तासांचा धरतात, पगारी माणसांचाही आम्ही तेवढाच ठेवला आहे. 9 ते 28 सप्टेंबर हे तीन आठवडे धरले तर 630 तास होतात. त्यातून 17 तारखेची सुट्टी गेली, महालक्ष्म्यांच्या रजा गेल्या, आणि 11 आणि 20 तारखेची जीएसटीची विवरणपत्रं आणि 15 तारखेचा आगाऊ कर यांचं काम वजा केलं की हातात जेमतेम 400 उरतात. तूट 140 तासांची.

इथं लगेच 140 ला सहानं भागून माणसांपुढं ठेवायचा मोह होतो. आधी मी माझ्याकडून किती भरून निघतं ते बघतो. दोन मोठ्या मिलच्या फायली मी पहिल्या पानापासून स्वतः करायचं ठरवलं, त्यात 30 तास गेले. उरले 110. ज्यांच्या वह्या 15 तारखेपर्यंत येणार नाहीत त्यांना फोन करून स्वच्छ सांगितलं की 30 तारखेची हमी मी देऊ शकत नाही. दंड उलाढालीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपये होऊ शकतो, हेही सांगितलं. असा फोन करणं व्यवसायाच्या दृष्टीनं अवघड असतं, पण एखाद्या पक्षकारानं पाच महिने केलेला उशीर औशाहून येणाऱ्या मुलीच्या रात्रीवर टाकायचा, हे मला पटत नाही. त्या फोनांनंतर बऱ्याच वह्या दोन दिवसांत दारात आल्या.

110 भागिले सहा, म्हणजे माणशी साधारण 18 तास. तीन आठवडे, आठवड्यातले सरासरी चार दिवस, रोज दीड तास. एवढंच मागायचं, आणि हीच वरची मर्यादा.

4 तारखेला सगळ्यांना बसवून सांगितलं. जे बोललो ते साधारण असं होतं: "9 तारखेपासून 28 तारखेपर्यंत आपल्याला 110 तास कमी पडायलेत. हिशेब भिंतीवर लावलाय, कुणीही तपासा. मला प्रत्येकाकडून जास्तीत जास्त 18 तास हवेत. 10, 11, 12 ला महालक्ष्म्या आहेत, त्या तीन दिवशी कुणीही थांबायचं नाही. रविवारी ऑफिस बंद. 28 च्या संध्याकाळी हे संपलं, मग काम राहो न राहो. याच्यामुळं तुमचा घरचा वेळ जाणार, अभ्यास मागं पडणार, हे मला ठाऊक आहे. एका तासाला दीड तास या हिशेबानं तो वेळ परत मिळेल, आणि कधी मिळेल त्या तारखा आपण थांबायला सुरुवात करायच्या आधी लिहू. आज कुणी हो-नाही म्हणायचं नाही. उद्या एकेकटे येऊन सांगा."

शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. सहाजणांसमोर विचारलं की सहाही माना हलतात. एकानं मान हलवली की दुसऱ्याला अडचण सांगायची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दार लावून एकेकट्याशी बोललो तेव्हा सहा माणसांचे सहा वेगळे खर्च समोर आले.

पगारी असलेल्या ताईंच्या घरी महालक्ष्म्या बसतात. आवाहनापासून विसर्जनापर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, फुलोरा, आणि जेवायला भावकी. त्या म्हणाल्या, "ते तीन दिवस सोडले तुम्ही, पण सर, 9 तारखेला पण नाही जमायचं. मुखवटे काढायचे, कोठ्या पुसायच्या, तयारी आदल्या दिवशीच असती." बरोबर होतं. तयारीचा दिवस माझ्या हिशेबात आलाच नव्हता, कारण तो पंचांगात लिहिलेला नसतो. त्यांचा 9 तारखेचा दीड तास वजा झाला.

औशाच्या मुलीचा प्रश्न गाडीचा होता. अंतर वीसेक किलोमीटर, पण संध्याकाळची गाडी चुकली की पुढची कधी आणि किती भरलेली, याचा भरवसा नाही. तिच्यासाठी दीड तास म्हणजे घरी पोचायला अडीच तास उशीर. मी रिक्षाचे पैसे देतो म्हणालो, तर ती म्हणाली, "सर, त्यापेक्षा मी सकाळी लवकर येते. सकाळची गाडी मोकळी असते." म्हणून तिचे तास सकाळी साडेआठपासून लागले. ऑफिसची किल्ली तिच्याकडं दिली.

एकाची नोव्हेंबरमध्ये सीए फायनल होती. त्याला पैसे नको होते, चहा-नाश्ता नको होता. त्याला ऑक्टोबरमधले दिवस हवे होते, अभ्यासाच्या रजेला जोडून. आणि ते त्या रजेतून कापलेले नकोत, वरचे हवेत. त्याचं हे म्हणणं अगदी रास्त होतं. जादा कामाच्या बदल्यातली सुट्टी ही वेगळी, परीक्षेची रजा वेगळी. दोन्ही एका खात्यात टाकल्या की माणसाला स्वतःचीच रजा बक्षीस म्हणून परत मिळते.

रेणापूर तालुक्यातला पोरगा दार लावल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, सोयाबीन काढायला यायलंय. बा एकटाच हाय. मजूर मिळंना गेलेत." त्याला 23 तारखेनंतर एकही दिवस थांबणं शक्य नव्हतं, उलट दोन दिवस रजाच हवी होती. त्याच्याकडून नऊच तास घेतले, तेही पहिल्या दोन आठवड्यांत. उरलेले नऊ दुसऱ्या कुणावर टाकले नाहीत. एका पक्षकाराची फाईल मी माझ्याकडं ओढली. हे मुद्दाम सांगतो, कारण एकाच्या नकाराचं ओझं शेजारच्या टेबलावर गेलं की पुढच्या वर्षी कुणीच नकार देत नाही, आणि मग "सगळे स्वखुशीनं थांबले" या बोलण्याला काही अर्थ राहत नाही.

आता परतफेडीच्या तारखा. माझ्या मते बहुतेक ऑफिसांत हा वायदा इथंच बुडतो. साहेब मनापासून म्हणतो, "एकदा तीस तारीख जाऊ द्या, मग घ्या निवांत सुट्ट्या." पण ऑक्टोबर निवांत नसतोच. 11 आणि 20 तारखेला पुन्हा जीएसटी, 31 ला ऑडिट झालेल्यांची विवरणपत्रं, आणि त्या वर्षी दिवाळीची पहिली आंघोळही नेमकी 31 ला होती. तारीख न लावलेली सुट्टी अशा महिन्यात कधीच निघत नाही, आणि दिवाळीनंतर ती मागायला माणसालाच संकोच वाटतो. आडतीवर शेतकऱ्याला माल टाकल्याबरोबर पट्टी मिळते, "बघू नंतर" म्हणून कुणी कट्टे उतरवत नाही. तासांचंही तसंच असायला हवं.

म्हणून आम्ही कॅलेंडर समोर घेतलं. पूर्ण 18 तास थांबणाऱ्याला 27 तास परत, म्हणजे सहा तासांच्या दिवसानं साडेचार दिवस. 3 तारखेला घटस्थापना होती. 3 ते 9 आणि 14 ते 18 ऑक्टोबर अशा दोन खिडक्या मोकळ्या दिसल्या. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नाहीत, आणि एकाच पक्षकाराचं काम बघणारे दोघं एकत्र नाहीत, एवढ्याच अटी. प्रत्येकानं आपल्या नावापुढं तारखा लिहिल्या, मी खाली सही केली आणि तो कागद हिशेबाच्या कागदाशेजारी लावला. ताईंनी सलग दिवस मागितले नाहीत. मुलाची शिकवणी सुटायच्या वेळी घरी असावं म्हणून त्यांना दोन आठवडे रोज चारला निघायचं होतं. तेही तसंच लिहिलं. पगारी माणसांना पैशाचा पर्यायही होता, दुप्पट दरानं. दुसऱ्यानं निम्मे पैसे आणि निम्मी सुट्टी घेतली. आर्टिकलच्या विद्यावेतनात संध्याकाळची किंमत कुठंच धरलेली नसते, त्यामुळं त्यांना वेळ परत मिळणं हाच खरा मोबदला.

एका तासाला दीड तास का, असं मला एका व्यवसायबंधूंनी विचारलं होतं. संध्याकाळी सातचा तास आणि मंगळवारी सकाळी अकराचा तास माणसाच्या आयुष्यात एका भावाचे नसतात, एवढंच माझं उत्तर. सातच्या तासाला घरी वाट बघणारं कुणीतरी असतं. अकराच्या तासाला सगळं घर आपापल्या कामाला गेलेलं असतं.

ते तीन आठवडे कसे गेले हे थोडक्यात सांगतो. प्रत्येकजण वहीत आपली वेळ स्वतः लिहायचा, मी शनिवारी सही करायचो. जादा वेळात बिलं आणि बँकेच्या नोंदी जुळवण्यासारखी कामं ठेवली. ज्यात विचार करून ठरवावं लागतं ते सकाळी. याला कारण आहे. थकव्याची पहिली खूण चेहऱ्यावर दिसत नाही, ती आकड्यांत दिसते. एका डाळमिलच्या साठ्याचं परिमाण लिहिताना तूर क्विंटलमध्ये आणि डाळ किलोत पडली. तुरीपासून डाळ साधारण सत्तर ते पंच्याहत्तर टक्के निघते, त्यामुळं तपासताना तो आकडा लगेच डोळ्यात भरला. चूक किरकोळ होती, पण वेळ बघितली तर रात्री आठ नंतरची. त्या आठवड्यात तशा आणखी दोन दिसल्या आणि तपासायला लागणारा माझा वेळ वाढत गेला. दुरुस्तीला लागणारा वेळ जादा वेळेतून मिळालेल्या वेळाच्या जवळ जायला लागला की थांबण्यात काही कमाई उरत नाही. मी त्या मुलाला दोन दिवस वेळेवर घरी पाठवलं. ते तास नंतर भरूनही घेतले नाहीत.

28 तारखेला संध्याकाळी तीन फायली राहिल्या, तिन्ही उशिरा वह्या देणाऱ्यांच्या. बाकी रिपोर्ट पोर्टलवर चढले होते, पण चढवून भागत नाही. पक्षकारानं स्वतःच्या लॉगिननं ते मान्य करावे लागतात. कुणाचा मोबाइल शेतात, कुणाचा पासवर्ड मुलाला माहीत आणि मुलगा पुण्याला. म्हणून 30 चा अख्खा सोमवार त्यासाठी राखून ठेवला होता.

आणि रविवारी, 29 ला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक आलं: ऑडिट रिपोर्टची तारीख 7 ऑक्टोबर.

मुदतवाढ येणार अशी कुजबूज दरवर्षी असते. 2022 मध्ये 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली होती, 2023 मध्ये या रिपोर्टची तारीख वाढली नाही. तिच्या भरवशावर काम मागं ठेवता येत नाही. पण ती आली की माणसं मागण्याचा सगळा हिशेब हलतो. सोमवारी सकाळी ऑफिसात दोन प्रश्न हवेत होते, एक बोललेला आणि एक न बोललेला. बोललेला प्रश्न फायनलवाल्याचा: "सर, मग आपण उगाच थांबलो का?" न बोललेला सगळ्यांच्या नजरेत होता, सगळे भिंतीवरच्या तारखांकडं बघत होते. 7 तारखेपर्यंत काम चालणार असेल तर 3 पासूनच्या सुट्ट्यांचं काय?

पहिल्या प्रश्नाला मी काही मुलामा लावला नाही. म्हणालो, "तारीख वाढणार हे 4 सप्टेंबरला मला ठाऊक असतं तर मी एवढे तास मागितले नसते. तुमच्या संध्याकाळी खर्च झाल्या, त्या झाल्याच. म्हणून त्यांची परतफेड एक मिनिटानंही कमी होणार नाही." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून सोपं होतं. तारखा जशा लिहिल्या तशाच राहतील. सरकारनं मुदत पक्षकाराला वाढवून दिली होती. पोरांनी त्यांची बाजू 28 ला पुरी केली होती, त्यांच्या सुट्टीचा त्या मुदतीशी संबंध उरला नव्हता. त्या तीन फायली 3 ते 7 च्या दरम्यान मी आणि त्या दिवशी ऑफिसात असणाऱ्यांनी नेहमीच्या वेळेत केल्या.

सुट्टीवर गेलेल्याला फोन करायचा नाही, हा नियमही त्याच आठवड्यात कसाला लागला. एका पक्षकाराचा भाडेखात्याचा कागद सापडेना आणि तो कुठं ठेवलाय हे नेमकं तुळजापूरला दर्शनाला गेलेल्या मुलालाच माहीत. फोन लावला असता तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण दर्शनाच्या रांगेत साहेबाचा फोन आला की तो दिवस पुन्हा ऑफिसचा होतो. आम्ही पक्षकाराकडून दुसरी प्रत मागवली. तेव्हापासून सुट्टीवर जाणारा प्रत्येकजण आपल्या फायलींची स्थिती आणि कागद कुठं आहेत हे एका पानावर लिहून ठेवतो.

त्या अनुभवानंतर 2025 च्या कागदावर आम्ही एक ओळ आधीच घातली: मुदत वाढली तर त्याच दिवशी जादा वेळ थांबेल, सुट्टीच्या तारखा बदलणार नाहीत, आणि वाढलेल्या मुदतीत पुन्हा वेळ हवा असेल तर तो नव्यानं, नव्या हिशेबानं मागितला जाईल.

ती ओळ लवकरच कामाला आली. त्या सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर अतिवृष्टीनं पाणी शेतात उभं राहिलं, गावांचे रस्ते तुटले. 25 तारखेला मंडळानं मुदत 31 ऑक्टोबरपर्यंत नेली. दुपारी बातमी आली आणि त्या संध्याकाळपासून आमच्याकडं कुणी थांबलं नाही. रेणापूरचा पोरगा त्याच दिवशी गावाकडं निघाला, सोयाबीन पाण्यात होतं. त्याच्या नावापुढं तोवर साडेसात तास जमा होते. ते सव्वाअकरा करून, वर त्याच्या हक्काची रजा जोडून, त्याला आठवडाभर मोकळं केलं.

29 ऑक्टोबरला तारीख पुन्हा हलली, या वेळी 10 नोव्हेंबरवर. दिवाळी होऊन गेली होती. पाच फायली उरल्या होत्या, त्यांच्या वह्याच पुरात भिजल्या होत्या आणि बँकेकडून खातेउतारे मागवून सगळं नव्यानं उभं करायचं होतं. मी परत हिशेब मांडला, माणशी चार तास निघाले. परत एकेकट्याला विचारलं. औशाची मुलगी म्हणाली, "चार ना सर? मग मी दोन सकाळी येते. पण त्याची सुट्टी मला 14 ला हवी, ताईचा साखरपुडा आहे." कागद भिंतीवरून काढून तिच्यासमोर धरला, आणि तिनं तारीख लिहिली.